जर्मन क्रियापदांचे तक्ते: 'एर आर्बाइटेट' पण 'एर हेल्ट', हे कसं?

मृणाल_सहकारनगर

नमस्कार मंडळी. लेक नववीत गेली आहे, आठवीपासून जर्मन घेतलंय. सुट्टीत वर्तमानकाळाचे तक्ते भरायला दिलेत. वर क्रियापद, खाली सहा ओळी: इश, डू, एर, वीर, ईर, झी. मी जर्मन शिकलेले नाही. शाळेत संस्कृत होतं, त्यामुळे रूपं चालवणं ओळखीचं आहे, पण भाषा नवी. शब्द लेकीकडून ऐकून उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.

साधी क्रियापदं तिला जमतात. वोनेन म्हणजे राहणे. शेवटचा 'एन' काढायचा आणि उरलेल्या 'वोन'ला ए, स्ट, ट, एन, ट, एन लावायचं. इश वोने, डू वोन्स्ट, एर वोन्ट, वीर वोनेन, ईर वोन्ट, झी वोनेन. पुढे आर्बाइटेन आलं, काम करणे. त्याच्या धातूच्या शेवटी ट आहे. त्यावर आणखी ट कसा उच्चारणार, म्हणून मध्ये ए घालतात: डू आर्बाइटेस्ट, एर आर्बाइटेट, ईर आर्बाइटेट. हेही पटलं.

मग हाल्टेन आलं, थांबणे किंवा धरणे. पुस्तकाच्या मागे उत्तर असं आहे:

इश हाल्टे
डू हेल्ट्स्ट
एर हेल्ट
वीर हाल्टेन
ईर हाल्टेट
झी हाल्टेन

इथेही धातूच्या शेवटी ट आहे. मग 'एर'ला मधला ए का नाही? आणि तोच ए 'ईर'ला का आला? एकाच क्रियापदाने एका ओळीत नियम मोडला आणि दुसऱ्या ओळीत पाळला. लेक म्हणते छपाईची चूक असेल. बाई गावाला गेल्या आहेत. 'अपवाद आहे, पाठ कर' एवढंच उत्तर असेल तर तसं सांगा, पण त्यामागे काही असेल तर मला ते समजून घ्यायचंय.

पौडफाटा

छपाईची चूक नाही, उत्तर बरोबर आहे. मी कंपनीच्या कामासाठी जर्मन शिकलो, त्यावरून सांगतो. हे अनियमित क्रियापद आहे. धातूत आ असला की डू आणि एर या दोनच ओळींत त्यावर उमलाउट येतो, म्हणजे आ चा ए होतो. फारेन: डू फेर्स्ट, एर फेर्ट. श्लाफेन: डू श्लेफ्स्ट, एर श्लेफ्ट. बाकी चार ओळींत आ तसाच राहतो. मुलीला सांगा, आ दिसला की डू आणि एरला उमलाउट.

ट चं म्हणाल तर 'हेल्ट'मध्ये ट आधीच आहे, म्हणून परत लावत नाहीत.

अनघा_प

पौडफाटा, दोनच ओळी बदलतात हे अगदी बरोबर. पण 'आ दिसला की' हे मुलीला शिकवू नका, ती माखेनचं 'डू मेख्स्ट' करून बसेल. माखेन, झागेन, फ्रागेन, या सगळ्यांत आ आहे आणि एकातही काही बदलत नाही. डू माख्स्ट, डू झाग्स्ट, डू फ्राग्स्ट. झागेन आणि ट्रागेन ऐकायला जुळी भावंडं वाटतात, तरी एकाचं डू झाग्स्ट आणि दुसऱ्याचं डू ट्रेग्स्ट. आणि 'ट आधीच आहे' हे कारण तर आर्बाइटेनलाही लागू पडतं. तिथेही ट आधीच आहे, तरी आपण एर आर्बाइटेट म्हणतो.

मृणालताई, तुमचा प्रश्न नेमका आहे. मी शाळेतल्या मुलांना जर्मन शिकवते आणि हा तक्ता दरवर्षी अडतो. नियम एकच आहे, फक्त तो पुस्तकात दोन वेगळ्या धड्यांत तुटून येतो, म्हणून दिसत नाही. मधला ए घालायचा की नाही हे अख्ख्या क्रियापदावर ठरत नाही. ते प्रत्येक ओळीत वेगळं ठरतं. त्या ओळीत धातूचा स्वर बदलला असेल तर ए येत नाही. स्वर बदलला नसेल आणि धातूच्या शेवटी ट किंवा ड असेल तर ए येतो.

आता हाल्टेन चालवून बघा. डूच्या ओळीत आ चा ए झाला, म्हणून मधला ए नाही: नुसता स्ट जोडला, हेल्ट्स्ट. एरच्या ओळीतही स्वर बदलला, म्हणून ए नाही. धातूचा ट आणि प्रत्ययाचा ट एकमेकांत मिसळले, उरला एकच: हेल्ट. ईरच्या ओळीत स्वर बदललाच नाही. तिथे हाल्टेन आर्बाइटेनसारखंच वागतं, म्हणून हाल्टेट.

पडताळा घ्यायला ट्रेटेन घ्या, पाऊल टाकणे. इथे ए चा इ होतो. डू ट्रिट्स्ट, एर ट्रिट, पण ईर ट्रेटेट. राटेन म्हणजे सल्ला देणे: एर रेट, ईर राटेट. उलट बाजूने बघायचं तर फिन्डेन. हेही बाईंच्या अनियमित यादीत सापडेल, पण वर्तमानकाळात त्याचा स्वर हलत नाही. म्हणून डू फिन्डेस्ट, एर फिन्डेट, ईर फिन्डेट, तिन्हीकडे ए. यादीत असणं वेगळं आणि त्या ओळीत स्वर बदलणं वेगळं. मुलं इथेच गोंधळतात.

ओंकार_वानवडी

मला वाटतं पुस्तकाने वर्तमान आणि भूत यांची सरमिसळ केली असावी. हाल्टेनचं 'हील्ट' असतं असं पक्कं आठवतंय. 'एर हील्ट', मध्ये ई. तुमचं हेल्ट त्याचंच चुकीचं छापलेलं रूप नाही ना?

मृणाल_सहकारनगर

ओंकार, प्रश्न वर्तमानकाळाचाच आहे, पानावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलंय. भूतकाळ तिला अजून यायचाय.

अनघाताई, फार छान उलगडलंत. मी लगेच लेकीला बोलावून ट्रेटेन करायला लावलं, उत्तर न दाखवता. ईर ट्रेटेट आपोआप आलं. पण आता ती विचारते, स्वर बदलतो की नाही हे कळायचं कसं? झागेन नाही आणि ट्रागेन हो, हे शब्दाकडे बघून ओळखता येतं का?

अनघा_प

नुसत्या शब्दाकडे बघून नाही. पण ओंकारनी चुकून योग्य किल्ली पुढे केली आहे. हील्ट हा भूतकाळ आहे आणि ओळखायची खूण तिथेच आहे. भूतकाळ नुसता 'टे' लावून होत असेल, तर वर्तमानकाळात स्वर बदलत नाही. झागेनचं झाग्टे, माखेनचं माख्टे, काउफेनचं काउफ्टे. म्हणून डू काउफ्स्ट, काही बदल नाही. ट्रागेनचा भूतकाळ ट्रूक, लाउफेनचा लीफ, हाल्टेनचा हील्ट. इथे टे नाही, आतला स्वरच हलतो. अशा क्रियापदांनाच वर्तमानकाळात बदलायची मुभा असते.

मुभा म्हटलं, सक्ती नाही. कोमेन, गेएन, श्टेएन, रूफेन यांचे भूतकाळ टे-वाले नाहीत, तरी वर्तमानकाळ सरळ चालतो. डू कोम्स्ट, डू गेस्ट. म्हणून किल्ली एकाच बाजूने फिरते: टे दिसला तर बदल नाही, टे नसला तर शब्दकोश उघडा. शब्दकोशाच्या मागच्या यादीत ज्यांचा स्वर बदलतो त्यांचं एरचं रूप वेगळं छापलेलं असतं.

हाबेन, झाइन, विस्सेन आणि क्योनेनसारखी सहायक क्रियापदं यात धरू नका. त्यांचे तक्ते स्वतंत्रच करायला हवेत.

शरयू_पिंपरी

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण तक्त्याचीच आहे म्हणून इथेच लिहिते. मी नर्स आहे, जर्मनीला जाण्यासाठी बी-वनचा क्लास करतेय. ड्यूटी संपवून रात्री तक्ते भरते. माझं सगळं क्योनेन आणि म्युस्सेनवर अडतं. इश कान, डू कान्स्ट, एर कान. एरला ट का नाही? प्रत्येक क्रियापदाला एर म्हटलं की हात आपोआप ट लिहितो आणि बाई लाल गोल करतात. अनघाताईंच्या नियमाने स्वर बदलला म्हणून ट मिसळला म्हणावं, तर 'कान'च्या शेवटी ट नाहीच. मग गेला कुठे?

तळटीप

शरयूताई, तो ट गेलेला नाही, तिथे कधी नव्हताच. मी डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान केलं, तेव्हा जुन्या जर्मनच्या रूपांशी बराच संबंध आला. तुमच्या आणि मृणालताईंच्या, दोन्ही प्रश्नांची मुळं तिथे सापडतात.

आधी तुमचा प्रश्न. वर अनघाताईंनी हील्ट सांगितलं. त्या भूतकाळाचा तक्ता केलात तर इश हील्ट, डू हील्ट्स्ट, एर हील्ट असा होतो. इश आणि एर सारखे, एरला प्रत्यय नाही. आता शेजारी इश कान, डू कान्स्ट, एर कान ठेवा. साचा तोच दिसेल. क्योनेन, म्युस्सेन, ड्युर्फेन आणि विस्सेन यांचा आजचा वर्तमानकाळ मुळात जुना भूतकाळ आहे. 'मला समजलं' म्हणजे आता मला येतं, या वाटेने भूतकाळाचं रूप वर्तमानाच्या अर्थाने वापरात बसलं आणि प्रत्यय मात्र भूतकाळाचेच राहिले. म्हणून एर वाइस, एर मुस, एर कान, कुणालाच ट नाही. तक्ता भरताना या गटाला इश आणि एर एकदमच लिहून टाका, एकाची नक्कल दुसऱ्यात. हात ट कडे जाणार नाही.

आता डू आणि एर या दोनच ओळी का बदलतात. साधारण इ.स. ७५० ते १०५० या काळातल्या जर्मनमध्ये फारेनचा तक्ता असा होता: इश फारु, डू फेरिस, एर फेरिट, आणि ईरला फारेट. प्रत्ययांकडे बघा. डू आणि एरच्या प्रत्ययांत इ आहे, ईरच्या प्रत्ययात ए. पुढे इ येणार आहे म्हटल्यावर बोलताना जीभ आधीच वर सरकते आणि मागचा आ ए कडे झुकतो. पुढे शतकांच्या ओघात प्रत्ययातला इ झिजून गेला, पण त्याने केलेला बदल धातूत राहिला. ईरला मुळात इ नव्हता, म्हणून तिथे आ शाबूत आहे.

आणि माखेन का बदलत नाही? त्याचं जुनं रूप माखोन होतं: डू माखोस, एर माखोट. प्रत्ययात ओ होता, इ नव्हताच. स्वर हलवायला कारणच नव्हतं.

मृणाल_सहकारनगर

हे वाचून मी लेकीला संस्कृतचं गच्छसि, गच्छति दाखवलं. तिथेही दुसऱ्या आणि तिसऱ्या पुरुषाच्या एकवचनात इ आहे! हा तोच इ का?

तळटीप

नातं आहे, पण तोच इ नाही. संस्कृतात तो अगदी शेवटी आहे, सि आणि ति मध्ये. जर्मनमधला इ त्याच्या आधीच्या जागेवरचा, स आणि ट च्या अलीकडचा. शेवटचा इ जर्मनमध्ये त्याच्याही आधी गळाला. स आणि त यांचं नातं मात्र खरं आहे: डूचा स आणि एरचा ट हे सि आणि ति चेच भाऊबंद.

ट्रेटेन, गेबेन, नेमेन यांच्यात ए चा इ होतो तो बदल याहून जुना आहे. त्या काळी तर इशलाही इ होता: इश गिबु, इश निमु. नंतर इशची ओळ बाकीच्यांसारखी सपाट झाली, म्हणून आज इश गेबे, पण डू गिब्स्ट.

पौडफाटा

माहिती आवडली, आणि 'आ दिसला की' हे मी मागे घेतो. पण नववीतल्या मुलीला हजार वर्षांपूर्वीचे प्रत्यय सांगून तक्ता लवकर भरेल असं मला वाटत नाही. मी आजही 'फारेन, फेर्ट', 'हाल्टेन, हेल्ट' अशा जोड्या पाठ करूनच बोलतो. बोलताना नियम आठवायला वेळ कुठे असतो?

आणि फ्रागेन बदलत नाही म्हणता, तर माझा स्टुटगार्टचा सहकारी मीटिंगमध्ये सरळ 'एर फ्रेक्ट' म्हणतो. उमलाउट लावून. तो जन्माने जर्मन आहे.

अनघा_प

जोड्यांबद्दल आपण भांडतच नाही आहोत. एरचं रूप शब्दासोबतच पाठ करायचं, हे मीही सांगते. नियम कामाला येतो तो बाकीच्या पाच ओळी भरताना आणि नंतर तपासताना. फ्रेक्ट दक्षिणेकडे ऐकू येतं हे खरं आहे. परीक्षेत ते चूक धरतात, तिथे फ्राक्टच लिहायचं.

तपासायची एक पद्धत सांगते, कारण तक्त्यातली खरी चूक डूमध्ये कमी आणि ईरमध्ये जास्त होते. एर आणि ईर या दोघांचा प्रत्यय ट. मूल वरून खाली भरत येतं, एरला हेल्ट लिहितं, आणि ईरला पोचल्यावर 'इथेही ट' म्हणून हेल्टच उतरवतं. किंवा फारेनमध्ये ईरलाही फेर्ट. म्हणून तक्ता भरून झाला की फक्त एर आणि ईर या दोन ओळी शेजारी धरायच्या. स्वर बदलणारं क्रियापद असेल तर त्या वेगळ्याच दिसल्या पाहिजेत: हेल्ट आणि हाल्टेट, निम्ट आणि नेम्ट, लीस्ट आणि लेस्ट. स्वर न बदलणारं असेल तर अगदी सारख्या: वोन्ट आणि वोन्ट, आर्बाइटेट आणि आर्बाइटेट. हाल्टेनच्या तक्त्यात त्या सारख्या दिसल्या तर दोघींपैकी एक नक्की चुकली आहे.

भरायचा क्रमही मी बदलायला लावते. वरून खाली नाही. आधी वीर आणि झी, कारण ते मूळ रूपच असतं. मग इश, मग ईर, दोघांत स्वर मूळचा. डू आणि एर सर्वात शेवटी, एकत्र. ईर आधी लिहिलं की एरची नक्कल व्हायची वाट बंद होते.

शरयू_पिंपरी

तळटीप यांनी सांगितलं तसं इश आणि एर एकदम लिहून सहाही सहायक क्रियापदं करून पाहिली. झोलेनसुद्धा बसलं: इश झोल, एर झोल. इथे तर स्वरही बदलत नाही, तरी ट नाही. म्हणजे ट नसणं आणि स्वर बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आज कळलं.

एक शंका राहिली. वेर्डेनचं एर विर्ट लिहिताना शेवटी ड आहे, ट नाही. लाडेनचं एर लेट लिहिताना मात्र ड आणि ट दोन्ही. दोघांच्या धातूत ड, दोघांचा स्वर बदलतो. मग लिखाण वेगळं का?

अनघा_प

लाडेन नियमाने चालतं. स्वर बदलला, मधला ए नाही, ड ला ट जोडला, लिखाणात दोन्ही अक्षरं राहिली, उच्चारात एकच ट. ईरला ईर लाडेट. आइनलाडेन, आमंत्रण देणे, तेही असंच: एर लेट आइन. परीक्षेत मुलं तो ट विसरतात, कारण कानाला तो ऐकूच येत नाही.

वेर्डेनचं विर्ट ड वर संपतं आणि डू विर्स्टमध्ये तर ड च नाही. ईर मात्र वेर्डेट, नियमाप्रमाणे. ही दोन रूपं मी पाठच करून घेते. तळटीप काही सांगू शकतील तर मलाही हवंय.

तळटीप

वेर्डेन सहायक म्हणून सतत तोंडात असल्यामुळे जास्त झिजलं, एवढंच म्हणेन. हाबेनचंही तसंच, डू हास्ट आणि एर हाटमध्ये ब उरला नाही. लिखाणात ड च का टिकला, याचं नीट उत्तर जुनी हस्तलिखितं पाहिल्याशिवाय देणार नाही.

मृणाल_सहकारनगर

अनघाताईंच्या क्रमाने आज पाच तक्ते झाले: हाल्टेन, लाडेन, ट्रेटेन, नेमेन, फिन्डेन. एर आणि ईर शेजारी धरून लेकीने स्वतःच तपासले, मागचं पान न उघडता. पाचही बरोबर निघाले.

सहावं बाकेन होतं, भाजणे, केक वगैरेसाठी. इथे गाडी अडली. मागे उत्तर आहे डू बेक्स्ट, एर बेक्ट. मोबाइलवरच्या सराव-अ‍ॅपने डू बाक्स्ट बरोबर धरलं. आणि लेकीने शब्दकोशात भूतकाळ पाहिला तर बाक्टे, म्हणजे टे-वाला! अनघाताईंच्या किल्लीप्रमाणे मग बदलच व्हायला नको. कुणाचं खरं?

अनघा_प

दोन्ही चालतात, बेक्ट आणि बाक्टही. लेकीने अगदी नेमकी जागा शोधली. बाकेनचा जुना भूतकाळ बूक होता, हील्टसारखा टे नसलेला. आता जवळपास सगळे बाक्टे म्हणतात, पण वर्तमानकाळातला उमलाउट अजून पूर्ण सुटलेला नाही. माझी किल्ली इथे चालत नाही हे मान्य. वहीत पुस्तकाचंच रूप लिहू द्या आणि बाजूला पेन्सिलने दुसरं.

पौडफाटा

माझ्या क्लासमध्ये बाक्स्ट लिहिल्यावर मार्क कापले होते. शब्दकोशात दोन्ही असतील तर तपासणारा कोणतं धरणार, हे परीक्षेआधी विचारून ठेवा.

मृणाल_सहकारनगर

बाई जूनमध्ये आल्या की विचारते. तोवर कुणाच्या मुलांच्या वहीत बाकेन आलं असेल तर बाईंनी कोणतं रूप बरोबर दिलं ते इथे लिहा.